टाचेखालचं बूच

खांबाला भीती वाटत होती, आणि ती कुणाला दिसेल याची त्याहून जास्त भीती वाटत होती. माणसाने एका वेळी एकच भीती बाळगावी, निदान तिच्याशी झगडता तरी येतं. याने दोन पाळल्या होत्या आणि दोघींना खाऊपिऊ घालून चांगलं गुबगुबीत केलं होतं.

खांब हे त्याचं कसरतीच्या मंडळातलं नाव. उंच, रुंद, बोलणं कमी. कुणीही यावं आणि त्याच्यावर चढावं, म्हणून खांब. चढणारी होती त्याची सख्खी धाकटी बहीण. लहानपणी ती कधी कपाटावर, कधी खिडकीच्या गजांवर आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर सापडली, तेव्हापासून घरात तिला खार म्हणत. मंडळानेही तेच नाव उचललं. दोघांचा खेळ सगळ्यात शेवटी असे, कारण तो झाल्यावर प्रेक्षकांना दुसरं काही दाखवण्यात अर्थ नव्हता.

खेळ सांगायला सोपा होता. खार त्याच्या खांद्यांवर ताठ उभी राही. वरून एक लोखंडी कडं लोंबकळत असे, ते ती एका हाताने धरी. खांब तिच्या पोटऱ्या मागून घट्ट पकडे. मग ती कडं सोडी, तो एक पाय समोर सरळ उचले आणि दुसऱ्या एकाच पायावर सावकाश खाली बसत जाई, पार बूड टाचेला टेकेपर्यंत, आणि तसाच एका पायावर पुन्हा उठे. त्या बैठकीला सगळे पिस्तूल म्हणत. समोर रोखलेला पाय नळीसारखा दिसतो, म्हणून असेल. खांबाला मात्र हल्ली वाटे की ती नळी आपल्याकडेच वळलेली आहे.

कडं सोडण्याआधी एक शब्द म्हणायचा असे. खालच्याने म्हणायचं, "आहे." बस, एवढंच. पाय टेकला आहे, तोल आहे, मी आहे, यातलं जे काय असेल ते सगळं त्यात आलं. तो शब्द कानावर आल्याशिवाय वरच्या माणसाने कडं सोडायचं नाही, आणि आल्यावर क्षणभरही थांबायचं नाही. का, कसं, नक्की ना, असं काही विचारायचं नाही. मंडळात रुसवेफुगवे होत, चपला चोरीला जात, पण या शब्दाशी खेळ कुणी केला नव्हता. गेले तीन महिने खांब तो शब्द म्हणत होता आणि दर वेळी तो अर्धाच खरा होता.

त्याचं मूळ होतं उजव्या घोट्यात. मागच्या मोसमात गाद्या पाठीवर घेऊन ट्रकमधून उतरताना त्याचा पाय वाकडा पडला. घोटा वांग्यासारखा सुजला, मग उतरला. फिजिओबाईंनी रोज करायचे व्यायाम दिले होते. सूज गेल्यावर याने त्यांच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. चालता येत होतं, पळता येत होतं. दोन पायांची बैठक तर काय, खांद्यावर खार आणि वर वाळूची पिशवी घेऊनही तो खाली बसून उठत असे. म्हणजे पाय बरा झाला, यात शंकेला जागा कुठे होती?

पण पिस्तूल करायला गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्यापर्यंत सगळं ठीक. त्याच्या खाली गेलं की उजवी टाच जमिनीवरून सुटायला बघे, आणि ती सुटू नये म्हणून दाबून धरली की कुणीतरी मागून कॉलर धरून ओढावं तसा तो मागे जाई. त्याने ठरवलं, मांडी कमी पडतेय. मग मांडीच्या मागे लागला. लोखंड उचलून उचलून उजवी मांडी अशी केली की विजारी शिवणाऱ्या आईने कपाळाला हात लावला. तरी टाच सुटायची ती सुटतच होती. एक दिवस त्याने वजन उचलणाऱ्या मित्राचे उंच टाचेचे बूट सहज पायात घातले, आणि काय आश्चर्य, लोण्यातून सुरी जावी तसा तो खाली गेला. असं का झालं, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण विचारायचं तर कुणाला, आणि विचारायचं म्हणजे सांगायचं. त्याने जुन्या चपलेच्या तळाचं हलकं, लाकडासारखं बूच कापलं, पाचरीसारखं तासलं आणि खेळाच्या मऊ बुटात टाचेखाली दडवलं.

तेव्हापासून खेळ चालू होता आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

---

शनिवारी दुपारी नव्या मोसमाचा पहिला खेळ होता. बुधवारी सर सरावाच्या हॉलमध्ये आले ते हात चोळतच. सर म्हणजे मंडळ चालवणारे; स्वतः कधीकाळी झुल्यावरचे, आता पोट सुटलेले, पण नजर घारीची.

"रंगमंचावर नवीन फरशी टाकलीये. काळी, आरशासारखी. वरचं सगळं खाली दिसतं. लोकांचे डोळे फाटतील, बघा!"

"घसरत नाही ना, सर?" खारीने विचारलं.

"बुटांनी घसरते. म्हणून शनिवारपासून सगळे अनवाणी."

सगळ्यांनी बरं म्हणून बूट काढले. खांबाने नाडी सोडायला जरा जास्तच वेळ लावला, आणि बूच बोटांनी बुटाच्या पुढच्या टोकात सारून ठेवलं.

सरावात खारीच्या कमरेला दोर असे. तो वर कप्पीवरून जाऊन एका जाडजूड माणसाच्या हातात येई, त्याला सगळे दोरवाले काका म्हणत. त्या दिवशी खांबाने अनवाणी पायाने "आहे" म्हटलं, खारीने कडं सोडलं आणि तो खाली जाऊ लागला. अर्ध्यात टाच सुटली. ती पुन्हा दाबायला तो गेला आणि सगळं अंग मागे कललं. खाली करंगळीएवढं हललं की वर हातभर हलतं. त्याच्या हातांतून तिच्या पोटऱ्या निसटल्या, तो धप्पकन बुडावर आपटला, आणि वर खार दोराला लटकून गोल गोल फिरत राहिली.

सगळे हसले. दोरवाले काका म्हणाले, "मासा बरा गावलाय!" सर म्हणाले, "काय रे, झोप झाली नाही का?" खांबही हसला. पण त्याची नजर फिरणाऱ्या बहिणीवर होती, आणि दोराविना ती नेमकी कुठे पडली असती ते त्याला गादीच्या कडेबाहेरच्या उघड्या लाद्यांवर दिसत होतं.

खार खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने भिंत धरली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"घाबरलीस?" त्याने विचारलं.

"छे. जरा गरगरलं. फिरले ना."

त्याला ते पटलं नाही. फिरणं हा तर तिचा जन्मापासूनचा धंदा होता.

---

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. मंडळाचे सगळे पोशाख तीच शिवे. खारीचा नवा पोशाख तिच्या मांडीवर होता आणि तोंडात टाचण्या होत्या, म्हणजे बोलणं थांबलं होतं असं नाही.

"हिच्या पोटात काय जंत झालेत का रे? महिन्यात दोनदा कमरेत आत घेतला. आज परत ढगळ. मी कापड शिवतेय की हवा?"

"सराव जास्त आहे, आई," खार आतून म्हणाली.

खांब स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर तिचा डबा होता. त्याने उघडून पाहिलं. सकाळी आईने भरला तसाच, चमचासुद्धा कोरडा. त्याला दुपारी हातांतून निसटलेल्या पोटऱ्या आठवल्या. घामाने निसटल्या असं तो स्वतःला सांगत होता. पण बोटं खोटं बोलत नाहीत. त्या पोटऱ्या बारीक झाल्या होत्या.

त्याने डबा तिच्यासमोर ठेवला. "हे काय चाललंय?"

ती आधी उडवाउडवी करत होती. मग डब्याकडे बघत बोलली.

"दादा, तू खाली गेलास की तुझी मांडी थरथरते. मला तळव्यांतून कळतं. आधी नव्हती थरथरत. मला वाटलं, मी जड झाले. तुला विचारलं असतं तर तू काही नाही म्हणाला असतास. मग म्हटलं, मीच थोडी हलकी होते."

"किती दिवस?"

"महिना झाला असेल. एक वेळ जेवते ना मी."

"आणि गरगरतं कधीपासून?"

तिने डब्याचं झाकण उचलून पुन्हा लावलं. तीन महिने खांबाला वाटत होतं की आपण आपली भीती आपल्या बुटात लपवली आहे. इकडे ती पायांतून खांद्यांपर्यंत चढून वरच्या पोरीच्या पोटापर्यंत पोचली होती. आता वर उभी राहणार होती एक उपाशी, गरगरणारी मुलगी, आणि खाली एक न टेकणारी टाच. शनिवारी दोर नसणार होता. त्याला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण त्याने फक्त डबा तिच्याकडे सरकवला.

"आधी जेव," एवढंच तो म्हणाला. तिने दोन घास खाल्ले, त्याच्याकडे बघत, औषध घ्यावं तसे.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिजिओबाईंच्या दारात उभा होता. औषधांच्या दुकानावरचा त्यांचा दवाखाना एका खोलीचा; एक उंच पलंग, भिंतीला गज आणि खिडकीत मरायला टेकलेलं एक झाड.

"या, या! घोटा आठवतोय मला. तुम्हाला मी आठवतेय का?" बाई म्हणाल्या. टोमणा बरोबर बसला.

त्याने बूच खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला भिंतीसमोर उभं केलं.

"पाय भिंतीपासून थोडा लांब. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला? पाय आणखी मागे. आता?"

डावा गुडघा, पाय चांगला वीतभर... नाही, वीत जरा जास्त झाली, पण पाच बोटांहून जास्त मागे घेतला तरी, आरामात भिंतीला टेकला. उजव्याला दोन बोटांनंतर टाच उठली. त्याने जोर लावला. घोट्याच्या पुढच्या बाजूला कुणी लाकूड घातल्यासारखं अडलं.

"हे तुमचं पिस्तूल," बाई म्हणाल्या. "खाली बसताना नडगी पुढे झुकायला हवी, गुडघा बोटांच्या पुढे जायला हवा. तुमची नडगी झुकतच नाही. मग बूड मागे जातं, आणि सगळा भार टाचेच्या मागे. माणूस उताणा पडणार नाही तर काय?"

"पण दोन पायांवर मी पार खाली जातो, बाई. खांद्यावर बहीण घेऊन!"

बाईंनी कोपऱ्यातून दोन वजनकाटे काढून शेजारी शेजारी ठेवले. "एकेका काट्यावर एकेक पाय. बसा."

तो बसला. बाई काट्यांकडे बघत होत्या. "स्वतःच बघा."

वर असताना दोन्ही काटे सारखे होते. तळाशी डावा पुढे गेला होता आणि उजवा मागे पडला होता. आणि आपला उजवा पाय कधी नकळत बाहेर वळला, तेही त्याला आत्ता दिसलं.

"दोन पाय असले की ते एकमेकांची झाकाझाकी करतात. पाय लांब ठेवता येतात, बोटं बाहेर वळवता येतात, गुडघे बाजूला उघडता येतात. मग घोट्याला फारसं वाकावं लागत नाही. तोलाला जागाही ऐसपैस मिळते, दोन पायांच्या मधली सगळी. आणि भार निम्मा निम्मा. एका पायावर यातलं काहीच नाही. तोल सांभाळायला एक तळवा, तेवढीच जागा. एकट्याने करताना निदान हात पुढे काढून, पाठ वाकवून भार पुढे आणता येतो. तुमच्या खांद्यावर तर माणूस उभा. पाठ वाकवाल तर ती पडेल. म्हणजे सगळी भिस्त घोट्यावर."

"आणि मांडी? बहीण म्हणते, मांडी थरथरते."

"थरथरणारच. तुमचं सगळं वजन आणि तिचंही, एका मांडीवर. त्यात हे बूच. टाच वर केली की गुडघा आणखी पुढे जातो, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम आणखी वाढतं. तुमची मांडी कमजोर नाही हो. ती घोट्याचंही काम करतेय."

खांबाच्या डोळ्यांसमोर तो कोरडा चमचा आला. मांडी थरथरली बुचामुळे, आणि जेवण सोडलं बहिणीने. त्याला भडभडून आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

"डाव्या पायावर केलं तर?" त्याने आशेने विचारलं.

"करा ना." डाव्यावर तो एकटा सुंदर खाली गेला, टाच चिकटलेली. मग बाईंनी त्याच्या खांद्यांवर वाळूची पिशवी दिली. उठताना मध्यावर डावी मांडी गळाली आणि त्याने पटकन गज धरला. "घोटा मोकळा, पण मांडीला एकटीने एवढं उचलायची सवय नाही. तुम्ही सगळी मेहनत उजवीवर ओतलीत. एकाकडे घोटा, दुसऱ्याकडे मांडी. दोघं मिळून एक धड पिस्तूल होतं."

"शनिवारी खेळ आहे."

"घोटा शनिवार बघून सुटत नाही. रोज मनापासून केलंत तर काही आठवडे लागतील. आणि हे बूच अनवाणी पायाला चिकटवायचा विचारही करू नका. बुटात ते दाबून बसतं. उघड्या पायाखाली ते सरकेल, आणि सरकणारी पाचर नसलेल्या पाचरीहून वाईट. आज सरांना सांगा. मी फोन करू?"

"नको, नको. मीच सांगतो," खांब म्हणाला. आणि बूच उचलून त्याने पुन्हा खिशात घातलं.

---

तो सांगणार होता. अगदी सांगणारच होता. सरांच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेला. तिसऱ्यांदा आत गेला तर सर जमिनीवर जाहिरातीचा भलामोठा कागद पसरून बसले होते. मधोमध तो स्वतः, एका पायावर, आणि त्याच्या खांद्यावर आभाळाला टेकलेली खार.

"बघ, छापून आलं! पूर्ण गावात लागलंय. काय रे, काही हवंय?"

"नाही, सर. सहज."

बाहेर आल्यावर त्याला स्वतःची एवढी किळस आली की थुंकावंसं वाटलं. दीड माणसाचं वजन खांद्यावर पेलणारा हा गडी, आणि एक वाक्य पेलेना. त्या रात्रीचं सांगत नाही. जागणाऱ्याची रात्र सगळीकडे सारखीच असते. शुक्रवारी "पाय राखून ठेवतो" म्हणून त्याने पिस्तूल टाळलं आणि सरांनी समजूतदारपणे मान हलवली. शनिवारी दुपारी कपडे बदलायच्या खोलीत, सगळे आरशापुढे असताना, त्याने कोपऱ्यात बसून बूच टाचेला लावलं आणि वरून कातडीच्या रंगाची चिकटपट्टी चार वेढे गुंडाळली. नाचणारे, उड्या मारणारे सगळेच कुठे ना कुठे पट्टी गुंडाळतात, त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. उभा राहून त्याने एकदा खाली बसून पाहिलं. जमलं. तो स्वतःला म्हणाला, एकदाच. फक्त आज.

खार त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पोशाख पुन्हा टाचून घेतलेला होता. "दादा, आज मी सकाळपासून पाणीच प्यायलेय. बघ, पिसासारखी वाटेन."

बोलायला वेळ नव्हता. त्यांची धून सुरू झाली होती.

काळ्या फरशीवर पाय टाकला आणि खाली दुसरा खांब उलटा चालताना दिसला. वरचे दिवे भाजत होते. मधल्या खुणेपर्यंत पोचेतो त्याच्या पायाला घाम सुटला. टाचेशी काहीतरी ओलं, सैल जाणवत होतं. त्याने चेहऱ्यावरचं हसू हलू दिलं नाही. खार त्याच्या मांडीवर पाय देऊन, मग खांद्यावर, सरसर वर गेली. तिचे तळवे गार होते. वर कडं किणकिणलं. तिने धरलं होतं. त्याने हात मागे नेऊन तिच्या पोटऱ्या पकडल्या. धून खाली उतरली आणि ढोलाची बारीक थरथर सुरू झाली. इथे सगळं सभागृह श्वास धरतं.

त्याने सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि डावा जमिनीवरून जेमतेम उचलला.

बूच सरकलं.

केसभर सरकलं असेल. बाहेरच्या कडेला. चिकटपट्टीला सुरकुती पडली ती त्याला टाचेखाली स्पष्ट कळली. डावा पाय आपोआप खाली टेकला. आणि तरी त्याच्या ओठांवर तो शब्द तयार होता. शेकडो वेळा म्हणून जिभेला त्याची वाटच पाडलेली होती. ढोल थांबायच्या आत म्हणायचा असतो. सर पडद्याआड उभे होते, जाहिरातीतल्या चित्राएवढेच हसत.

वरून तिचा श्वास ऐकू येत होता. भराभर, उथळ. त्याला नेमकं कळलं की आपण म्हणालो की ती सोडणार. लगेच. पोटात अन्न नसताना, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, काही न विचारता सोडणार, कारण दादा म्हणाला आहे. त्याच्या दोन्ही भीती समोरासमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यांतली मोठी कोणती ते ओळखता आलं.

तो गप्प राहिला.

ढोल वाजत राहिला, मग वाजवणारा गोंधळला, मग पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"दादा?" ती पुटपुटली. कडं अजून तिच्या हातात होतं.

"सोडू नकोस," तो ओठ न हलवता म्हणाला. "माझी टाच टेकत नाही. तीन महिने टेकत नाहीये. मी टाचेखाली बूच घालत होतो. तू जड नव्हतीस, खारे. कधीच नव्हतीस."

त्याच्या खांद्यांवर तिचे तळवे जरासे दाबले गेले. तेवढंच.

"दोन्ही हातांनी धर. लटक."

तिने भार कड्यावर घेतला. त्याने तिच्या पोटऱ्या सोडल्या, चांगल्या पाचशे माणसांसमोर खाली वाकला, टाचेची पट्टी ओरबाडून काढली आणि बूच फरशीवर टाकलं. ते घसरत जाऊन त्याच्या उलट्या प्रतिबिंबाजवळ थांबलं. मग तो पुन्हा तिच्याखाली आला. पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवले, बोटं बाहेर वळवली, दोन्ही टाचा जमिनीवर रोवल्या. तिचे पाय खांद्यांवर आले. त्याने पोटऱ्या धरल्या, होती नव्हती त्या सगळ्या ताकदीने.

"दोन पायांवर जाणार. तुला गरगरतंय?"

"थोडं."

"मग नको सोडूस. असंच उतरू."

"नाही. तू म्हण."

त्याने पायांना विचारलं. उजव्या टाचेला विचारलं. खरोखर विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबला.

"आहे," तो म्हणाला.

कडं किणकिणत दूर गेलं. तो गुडघे बाजूला उघडत सावकाश खाली गेला, घोटा जिथे नको म्हणाला तिथे थांबला, त्याच्या पुढे एक बोटही नाही. त्याला अजूनही भीती वाटत होती, पण ती आता एकच होती, आणि ती दोन पायांवर उभी होती. लोकांना पिस्तूल आणि ही बैठक यांतला फरक कितपत कळला कोण जाणे. टाळ्या मात्र पडल्या. पडद्याआड सर पुढे झाले होते आणि फरशीवरचं ते बूच बघत होते. त्यांनी आयुष्य झुल्यावर काढलं होतं. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं आणि त्यांनी मागची खुर्ची चाचपली.

तळाशी असताना खार हळूच वाकली. तिचे केस त्याच्या कपाळावर आले.

"दादा."

"काय?"

"मला खूप भूक लागलीये."

त्याला रडू फुटलं की हसू, ते त्यालाही कळलं नाही; खांदे मात्र गदगदू लागले.

"हलू नकोस ना," ती वरून म्हणाली. "पडेन मी."

"नाही पडणार," तो म्हणाला, आणि दोन्ही टाचा दाबून तिला घेऊन वर उठू लागला.